जिभेची गाठ 1.8 सेंमी, मानेत काही नाही, तरी मानेचं ऑपरेशन? सल्ला हवा

सायली_के (धागा सुरू)
आईच्या जिभेच्या डाव्या कडेला जखम होती, बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आला. वय 66. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये खोली "किमान 2 मिमी" लिहिलीय. नंतरच्या एमआरआयमध्ये गाठ 1.8 सेंमी आणि खोली 6 मिमी. मानेत संशयास्पद गाठ नाही. डॉक्टरांनी गाठ टी-2, मानेतल्या ग्रंथी एन-0, म्हणजे दुसरी स्टेज सांगितली आणि जिभेबरोबरच डाव्या बाजूच्या मानेतल्या लसीका ग्रंथीही काढायच्या म्हणाले. मानेत काही दिसत नसताना मान का उघडायची, आणि 2 मिमी खरं की 6, एवढंच विचारायचंय. सर्जन आणि हॉस्पिटल ठरलंय, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. कृपया हॉस्पिटल सुचवू नका.

वाटाड्या
आधी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये दाखवा. 2 सेंमीच्या आत म्हणजे टी-1, पहिली स्टेज. माझ्या काकांचं असंच होतं, त्यांना स्पष्ट टी-1 सांगितलं होतं. तुम्हाला घाबरवून मोठं ऑपरेशन गळ्यात मारतायत.

सायली_के
दादा, हॉस्पिटल ठरलंय असं वर लिहिलंय. काकांचं कधी झालं होतं?

वाटाड्या
2014 साली. अजून ठणठणीत आहेत. मान उघडली नव्हती.

रानवारा
बायोप्सीवर विश्वास ठेवा. ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, एमआरआय म्हणजे नुसती सावली. शिवाय बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो म्हणतात, तेव्हा आता उशीर नको.

मेधा_पॅथ
रानवारा, तोंडातली बायोप्सी केल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. बायोप्सीशिवाय कुणी ऑपरेशनला हात लावणार नाही.

मी पॅथॉलॉजीत आहे, अशा स्लाइड रोज बघते. सायली, बायोप्सीचा तुकडा जेवढा खोल घेतला तेवढंच आम्हाला दिसतं. त्याच्या तळापर्यंत कॅन्सर असेल तर तो पुढे किती गेलाय ते त्या तुकड्यावरून कळणारच नाही, म्हणून "किमान" लिहितो. तो शब्द वाचताना सुटतो आणि घरच्यांच्या लक्षात फक्त 2 राहतो. उलट एमआरआय थोडं जास्त दाखवू शकतं, कारण गाठीभोवतीची सूज त्यात मिसळते, आणि नुकतीच बायोप्सी झाली असेल तर ती सूजही आलीच. 6 चे प्रत्यक्षात 4 किंवा 5 निघाले तर नवल नाही. 2 निघतील असं मात्र धरून चालू नका.

वाटाड्यांनी सांगितलं ते त्या वेळी बरोबर होतं. तेव्हा टी फक्त रुंदीवर ठरायचा. स्टेज ठरवण्याच्या नियमांच्या, 2018 पासून वापरात आलेल्या आठव्या आवृत्तीत खोलीही धरतात. गाठ 2 सेंमीच्या आत असली तरी खोली 5 मिमीच्या वर गेली की टी-2.

अनघा म.
खोली आणि जाडी एकच ना? माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये जाडी 9 मिमी होती आणि आम्ही रात्रभर झोपलो नाही.

मेधा_पॅथ
एकच नाही, आणि याच घोळात खूप जण अडकतात. जाडी गाठीच्या वरच्या टोकापासून मोजतात. खोली मोजताना शेजारच्या निरोगी आवरणाच्या तळाची पातळी धरायची आणि तिथून कॅन्सर सरळ खाली किती उतरलाय ते बघायचं. कोबीच्या गड्ड्यासारखी वर वाढलेली गाठ 9 मिमी जाड असून 3 मिमीच खोल असू शकते. व्रण पडलेल्या गाठीत उलटं होतं, वरचा भाग झडून गेल्यामुळे जाडी कमी भरते आणि खोली जास्त. टी ठरवायला खोलीच लागते. बहिणीच्या रिपोर्टमध्ये ती वेगळी दिलीय का बघा.

खांदेदुखी
मान उघडण्याआधी खांद्याचं विचारा. माझी मान केली, अजून हात वर उचलला की कळ येते. कुणी आधी सांगितलंच नाही. फिजिओही उशिरा सुरू झाली. जीव वाचला हे खरं, पण सांगायला हवं होतं.

रानवारा
बघा! मीही तेच म्हणतोय, मानेत काही नाही तर मान कशाला? गाठ आली तर तेव्हा काढता येईल की.

मेधा_पॅथ
"तेव्हा काढू" हाच पर्याय मुंबईच्या टाटा मेमोरियलने तपासला, 2015 मध्ये निकाल आला. तोंडाचा लवकरचा कॅन्सर आणि मानेत गाठ नाही अशा रुग्णांत काहींची मान तोंडातल्या गाठीबरोबरच केली, काहींची गाठ उमटल्यावर. 3 वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के हयात होते, दुसऱ्यात 67.5 टक्के. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या बारीक पेशी ग्रंथीत आधीच गेलेल्या असतात. कॅन्सर जिभेच्या स्नायूत जेवढा खोल उतरतो तेवढी ही शक्यता वाढते.

सायली, एक गोष्ट नीट बघ. टी-1 आणि टी-2 ची रेघ 5 मिमीवर आहे, पण मानेचा विचार त्याआधीच, 3-4 मिमीपासून सुरू होतो. त्यामुळे आईचा टी-1 की टी-2 यावर मानेचा निर्णय अडत नाही. 2 मिमीच्या आत असती तर मी स्वतः थांबा म्हटलं असतं. 6 दिसत असताना नाही.

खांद्याचं बोलणं रास्त आहे. खांद्याची नस वाचवणार का आणि फिजिओ कधीपासून, हे आताच विचार. काही ठिकाणी कॅन्सर आधी जिथे पोहोचतो त्या पहिल्या एकदोन ग्रंथी शोधून तेवढ्याच तपासतात, पण त्याला सोय आणि सराव लागतो.

वाटाड्या
काकांची मान केली नव्हती. एवढंच सांगतो.

सायली_के
ऑपरेशन झालं, मानही केली. रिपोर्ट आला: गाठ 1.7 सेंमी, खोली 4.5 मिमी, कापलेली कडा 7 मिमी मोकळी, नसेत किंवा रक्तवाहिनीत शिरकाव नाही. म्हणजे टी-1. पण मानेतल्या 26 ग्रंथींपैकी एकीत 5 मिमीचा कॅन्सर, ग्रंथीबाहेर गेलेला नाही. टी-1 एन-1, आता तिसरी स्टेज म्हणतात! टी खाली आला आणि स्टेज वर गेली. आता रेडिएशन घ्यायचं का?

रानवारा
डोळे मिटून घ्या. तिसरी स्टेज आहे.

अनघा म.
आम्हीही घेतलं. घ्याच.

खांदेदुखी
घ्या. तोंड कोरडं पडतं, पण मनाला शांतता मिळते.

मेधा_पॅथ
"तिसरी" या आकड्यावर ठरवू नका. एका ग्रंथीत कॅन्सर सापडला की टी-1 असूनही तिसरी होते. ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर गेला असता किंवा कडेवर कॅन्सर असता तर रेडिएशनबरोबर केमोही सांगितली असती आणि मी वाद घातला नसता. एकच छोटी ग्रंथी, मोकळी कडा, कमी खोली, इथे काही ट्यूमर बोर्ड, म्हणजे एकत्र बसून उपचार ठरवणारे डॉक्टर, रेडिएशन देतात, काही लक्ष ठेवतात. कल देण्याकडे असतो. द्यायचं तर ऑपरेशननंतर साधारण 6 आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, तेव्हा निर्णय लांबवू नका.

सायली_के
बोर्डाने दोन्ही बाजू सांगितल्या. "घेतलेलं बरं, पण न घेणंही चूक म्हणणार नाही," असं म्हणाले. आईने न घ्यायचं ठरवलं. पहिलं वर्ष दर महिना-दीड महिन्याला तपासणी, सोबत मानेची सोनोग्राफी. मला भीती वाटते, पण निर्णय तिचा आहे आणि तिने सगळं समजून घेऊन केलाय. खांद्याचे व्यायाम ऑपरेशननंतर लगेच सुरू केले, हात खांद्याच्या वर जातोय.

रानवारा
चूक करताय. अजून वेळ आहे, आईंना समजवा.

मेधा_पॅथ
दोन्ही बाजूंच्या मानेची सोनोग्राफी होतेय ना, ते बघ. उजवी बाजू उघडलेली नाही.