मदत हवी आहे: ज्वारीची भाकरी जाळावर अर्धीच फुगते, कडेला फाटून वाफ जाते

होटगी_रोड
आम्ही सोलापुरातच राहतो, ज्वारी मालदांडी, मंगळवेढ्याची. पीठ परवाच गिरणीतून आणलंय. गरम पाण्यानं मळते, थापताना कडा चिरत नाहीत, म्हणजे तिथवर सगळं ठीक आहे. घोळ भाजण्यात आहे.

बिडाचा तवा, मोठी शेगडी, आच पूर्ण. भाकरी टाकली की वरून पाणी फिरवते, ते पूर्ण वाळलं की उलटते. दुसरी बाजू अर्धा मिनिट, मग तवा काढून थेट जाळावर. मधे फुगा येतो, पण कडेकडेनं बारीक चीर पडते, तिथून वाफ फुस्सकन जाते आणि फुगा बसतो. खाली मधोमध कोरं, भोवती काळं कडं. सासूबाई चुलीवर करतात तेव्हा प्रत्येक भाकरी टम्म. आच किती आणि किती वेळ, कोणी नीट सांगेल का?

पंढरपूरकर_७
आच मोठी आहे, हेच कारण. सुरुवातीपासून मंद ठेवा, करपणार नाही आणि आतपर्यंत शिजेल.

माढ्याची_सून
दादा, करपण्याचं तुमचं बरोबर, पण मंद आचेवर भाकरी शिजायच्या आधी वाळते. वाळलेल्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही, चिवट होते.

ताई, तुमचं पाणी जास्त वाळतंय. ज्वारीला गव्हासारखा ताण नसतो, वरचा थर कोरडा झाला की ताणला जात नाही, चिरतो. ती चीर उलटतानाच पडते, दिसते मात्र जाळावर गेल्यावर. पाण्याची चकाकी गेली, पण बोट लावलं तर ओलसर लागतंय, तेव्हाच उलटायची. चांगल्या तापलेल्या तव्यावर याला 30-40 सेकंद लागतात. तवा तापलाय का ते थेंब टाकून बघा, चर्र होऊन लगेच उडाला पाहिजे. धूर यायला लागला तर मात्र जास्त झालं, आच जरा उतरवा.

दुसरं, पाणी लावलेल्या बाजूला अर्धा मिनिट कमीच आहे. ती बाजू मध्यम-मोठ्या आचेवर मिनिटभर तरी राहू द्या, जाड भाकरी असेल तर दीड मिनिट. घड्याळापेक्षा हे बघा: बोटानं ढकलली की भाकरी तव्यावर गरगर फिरते, कुठे धरत नाही. कड उचलली तर खाली तांबूस ठिपके दिसतात. तोवर जाळावर न्यायची नाही. नंतर पहिली बाजू, जी तव्यावर थोडाच वेळ होती, ती जाळाकडे.

जुळे_सोलापूर_मुलगा
माझ्या कडक भाकऱ्या पण फुगत नाहीत. पातळ थापून मंद आचेवर ठेवतो, छान कुरकुरीत होतात, पण फुगा नाही. काय करू?

माढ्याची_सून
अरे बाळा, कडक भाकरीला फुगा कशाला हवा, तिच्यातलं पाणीच घालवायचं असतं. तिथे मंद आच बरोबर. पंढरपूरकर दादांचा सल्ला तुला लागू पडतोय!

पंढरपूरकर_७
😀 मान्य. आमच्याकडे आठवड्याच्या कडक भाकऱ्या एकदम होतात, तेच डोक्यात होतं.

होटगी_रोड
आत्ताच करून बघितली. चकाकी गेल्याबरोबर उलटली, दुसरी बाजू गरगर फिरेपर्यंत ठेवली. चीर नाही! पापुद्राही सुटला. पण काळं कडं अजून आहे, आणि मधला भाग कोरा.

गॅसवाला_काका
ते बर्नरमुळे. जाळ गोल कडीतून येतो, मधोमध त्या मानानं थंड. चुलीत भाकरी विस्तवाला टेकवून उभी करतात, धग सगळीकडून सारखी लागते आणि आपण तिला फिरवत असतो. गॅसवर एका जागी ठेवली की कडं उठणारच. चिमट्यानं धरून जाळाच्या टोकाच्या जरा वर ठेवा आणि फिरवत राहा. आच मोठीच, 10-15 सेकंदांत काम व्हायला हवं. त्याहून जास्त लागलं तर तव्यावरचं भाजणं कमी पडलंय, जाळावर वेळ वाढवून उपयोग नाही. आणि चिमटा अगदी कडेला, हलक्या हातानं. जोरात धरला की तिथेच भोक.

माढ्याची_सून
काकांचं पटलं. मी तर जाळावर नेतच नाही, तव्यावरच फडक्यानं कडा दाबत फिरवते, फुगते. काळे ठिपके पडत नाहीत.

गॅसवाला_काका
फुगते हो, पण खमंग वास येत नाही. चुलीच्या भाकरीच्या जवळ जायचं तर जाळ हवाच.

माढ्याची_सून
वास पिठाला असतो काका, जाळाला नाही. महिनाभर डब्यात राहिलेलं पीठ घ्या, विरी गेलेली असते, मग चूल असो की गॅस.

होटगी_रोड
फिरवत धरल्यावर कडं गेलं, पूर्ण फुगली. आता फक्त चिमटा धरते त्या बाजूला बोटभर भाग चपटा राहतो. जाळी घेऊ का, की जाळीच्या तारांचे डाग पडतात?