मदत हवी आहे: मामांनी दिलेल्या 8 लाखांचा पुरावा

बेसा_रहिवासी:
मी नागपूरचा, नोकरदार. बेश्यातल्या फ्लॅटसाठी काटोलच्या मामांनी 14 फेब्रुवारी 2024 ला माझ्या खात्यात 8 लाख आरटीजीएस केले. आता आयकराची 142(1) ची नोटीस आली आहे, ही रक्कम कुठून आली म्हणून. तेव्हा लेखी काहीच केलं नव्हतं. आमचा सीए जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर पाहू म्हणतो. करावं का?

धंतोलीवाला:
मामा नात्यात धरत नाहीत भाऊ. आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, बस. 50 हजारांच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर टॅक्स.

जुना_करसल्लागार:
50 हजारांचं बरोबर, पण ते नात्याबाहेरच्यांसाठी. आईचा सख्खा भाऊ नातेवाईकच आहे, त्यामुळे मामाकडून भाच्याला कितीही चालतं. उलट, भाच्याने मामाला दिले तर मामांना कर लागतो!

जुना स्टॅम्प अजिबात नको. विक्रेत्याच्या नोंदीत खरी तारीख सापडते आणि खरी भेटही खोटी ठरते. आजच्याच तारखेचं घोषणापत्र करा: "14-2-2024 ला या खात्यातून त्या खात्यात, अमुक यूटीआर क्रमांकाने, परतफेडीची अट न ठेवता दिले." खाली दोघांच्या सह्या आणि पॅन. नात्यासाठी आईचा शाळेचा दाखला जोडा, त्यावर माहेरचं नाव असतं.

आता मामांचं पासबुक उघडा. आरटीजीएसच्या आधी रोख भरणा दिसतो का?

बेसा_रहिवासी:
हो, 12 तारखेला 5 लाख रोख. बाकी 3 लाख आधीपासून खात्यात होते. मामांनी संत्र्याचा मृग बहार ठोक्याने दिला होता. व्यापारी बगिच्यातूनच माल उचलतो, त्यामुळे कळमन्याची पट्टी नाही. मामा रिटर्न भरत नाहीत, फक्त शेती आहे.

जुना_करसल्लागार:
मग प्रश्न त्या 5 लाखांचाच. पैसे बँकेतून आले, एवढ्याने भागत नाही. देणाऱ्याची ऐपतही दाखवावी लागते. नाहीतर कलम 68 खाली ते तुमचंच उत्पन्न धरून अधिभारासह 78 टक्के कर लागू शकतो. सातबारा, त्यावरची संत्र्याची पीकनोंद, मामांचं निदान दोन-तीन वर्षांचं पासबुक आणि व्यापाऱ्याचं सहीचं पत्र जोडा. दरवर्षी याच सुमारास असा भरणा दिसला तर तुमची बाजू बरीच भक्कम होते.

मानेवाडा_ताई:
मला मावसभावाने 2 लाख दिलेत. मावशी नात्यात येते, मग तोही येईल ना?

जुना_करसल्लागार:
नाही ताई. मावशीने स्वतःच्या पैशातून दिले असते तर चाललं असतं. तुमच्या 2 लाखांवर कर आहे.

बेसा_रहिवासी:
व्यापारी वरूडचा. पत्र देतो म्हणतो, पण सगळी रोकड एकदम दिल्याचं लिहिणार.

जुना_करसल्लागार:
थांबा. एकाच व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणजे मामांना. खरंच एकदम दिले की तोडीप्रमाणे हप्त्याने, हे मामांना विचारा. खरं असेल तेच लिहून घ्या. आणि एकदमच दिले असतील, तर उत्तर भरण्याआधी मामांसाठी वेगळा वकील गाठा.