जोडलेल्या फाइलचं नाव मराठीत ठेवावं की नाही?

बांधावरची: आमच्या शेतकरी गटाचा पत्रव्यवहार मी बघते. गेल्या आठवड्यात एका कार्यालयाला मेलने यादी पाठवली. फाइलचं नाव ‘शेतकऱ्यांची दुसऱ्या हप्त्याची यादी.pdf’. तिकडून फोन आला, “नुसतं ‘शेतकऱ्’ एवढंच आलंय, उघडत नाही.” परत पाठवली तर त्यांच्या दुसऱ्या कम्प्युटरवर `=_UTF-8_B_4KS` असं सुरू होणारं लांबलचक काहीतरी आलं. माझ्या सेंटमध्ये नाव अगदी धड दिसतंय. आता गटातले म्हणतात, यापुढे सगळी नावं इंग्रजीत. मला ते पटत नाही, पण यादीही अडकायला नको. तुमचं काय मत?

कोरा कागद: अजिबात बदलू नका. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, फोनवर मराठी चालतं, मेलच्या विषयात मराठी चालतं, मग फाइलच्या नावातच काय अडतं? दोष त्यांच्या मशीनमध्ये आहे. आपण दर वेळी माघार घेतली तर त्यांना ते दुरुस्त करायची गरजच वाटणार नाही. मी दहा वर्षं मराठी नावांनी फाइली पाठवतोय, एकही परत आलेली नाही.

दौत: आमच्याकडेही हेच झालं होतं! फाइल उघडली की मराठीच्या जागी नुसते कंस आणि चिन्हं. समोरच्याकडे तो जुना फॉन्ट नव्हता. फॉन्ट टाकून दिला, लगेच वाचता आलं. यादी टाइप करताना कोणता फॉन्ट वापरलात?

टपालपेटी: दौत, तुमचा अनुभव आतल्या मजकुराचा आहे. इथे फाइल उघडण्यापर्यंत गोष्ट पोचलीच नाही, अडलंय ते नाव. त्याला फॉन्टचा इलाज नाही.

बांधावरची ताई, मी मेल सर्व्हर सांभाळायचं काम करतो. तुमचं नावच घेऊन बघू. डोळ्यांना त्यात तेरा अक्षरं दिसतात. कम्प्युटर मात्र काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळं सुटं मोजतो, म्हणजे एकतीस खुणा. मेलमध्ये फाइलचं नाव ज्या भागात लिहून जातं, ते शीर्ष मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेलं, म्हणून देवनागरीची प्रत्येक खूण वेषांतर करून पाठवावी लागते. एका पद्धतीत एका खुणेची नऊ अक्षरं होतात. एकट्या ‘अर्ज.pdf’चं बघा:

```
filename*=UTF-8''%E0%A4%85%E0%A4%B0%E0%A5%8D%E0%A4%9C.pdf
```

तुमच्या नावाच्या एकतीस खुणा गुणिले नऊ, वर तीन मोकळ्या जागा आणि `.pdf`, मिळून 292 अक्षरं. शीर्षातली ओळ साधारण 78 अक्षरांत ठेवायची रीत आहे, म्हणून पाठवणारा प्रोग्राम या नावाचे तुकडे करून त्यांना क्रमांक देतो. घेणाऱ्याने ते क्रमाने जोडायचे असतात. काही जुने प्रोग्राम पहिलाच तुकडा उचलतात. श, मात्रा, त, क, ऱ, हलन्त या सहा खुणा झाल्या, म्हणजे 54 अक्षरं. एका तुकड्यात तेवढंच मावलं असावं, म्हणून तुमचं नाव ‘शेतकऱ्’वर तुटलं. `.pdf` शेवटच्या तुकड्यात होतं, ते गेलं, आणि ते नसलं की कम्प्युटरला कळत नाही ही फाइल कशाने उघडायची.

यादी मात्र शाबूत आहे. त्यांना सांगा, ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत `%PDF` दिसलं तर ती धड पीडीएफ आहे. मग नाव बदलून शेवटी `.pdf` जोडायचं. फक्त त्याआधी एक्स्टेन्शन दाखवायची खूण चालू करून घ्यायला सांगा, म्हणजे शेवटी नेमकं काय लागलंय ते दिसतं.

कोरा कागद: म्हणजे मी म्हणालो तेच झालं. दोष त्यांच्या जुन्या प्रोग्रामचा.

टपालपेटी: पहिल्या वेळी त्यांचा. दुसऱ्या वेळचं सांगता येत नाही. तेच ‘अर्ज.pdf’ दुसऱ्या वेषात असं जातं:

```
filename="=?UTF-8?B?4KSF4KSw4KWN4KScLnBkZg==?="
```

हा वेष विषयाच्या ओळीसाठी केलेला. 1996 सालच्या आरएफसी 2047 या नियमात स्पष्ट म्हटलंय की अवतरणचिन्हांच्या आत आणि जोडणीच्या नावासारख्या ठिकाणी तो वापरू नये. पुढच्याच वर्षी आरएफसी 2231 मध्ये नावासाठी वरचा टक्क्यांचा वेष ठरला. तरीही कित्येक पाठवणारे प्रोग्राम अजून हा दुसरा वेषच नावाला चढवतात. बरेच घेणारे समजून घेतात, काही घेत नाहीत. मग फाइल उतरवताना प्रश्नचिन्ह नावात चालत नाही म्हणून त्याजागी `_` बसतं, आणि ताईंनी सांगितलं तसं `=_UTF-8_B_4KS` दिसतं. तुमच्या मेलच्या विषयात मराठी धड जातं, कारण ती ओळ फक्त दाखवायची असते. नावाला व्हायरस तपासणी, उतरवणं, डिस्कवर ठेवणं अशा आणखी हातांतून जावं लागतं.

कोण चुकतंय ते बघायला तोच मेल स्वतःला पाठवा, मूळ संदेश उघडा आणि `filename` शोधा. तिथेच `=?UTF-8` दिसलं तर सुरुवात आपल्या बाजूने झाली.

गाठोडं: एवढा खटाटोप कशाला? झिप करून पाठवा. बाहेर एक इंग्रजी नाव, आत हवी तेवढी मराठी नावं. प्रश्न मिटला.

टपालपेटी: अर्धा मिटला. मेलच्या वाटेवर नाव वाचतं, पण अडचण झिपच्या आत जाते. आतली नावं युनिकोडमध्ये आहेत हे सांगायची खूण झिपमध्ये असते. जुने प्रोग्राम ती लावत नाहीत किंवा बघत नाहीत. दोन्हीकडे नवा प्रोग्राम असला तर तुमचा उपाय छान चालतो. शिवाय काही कार्यालयांची तपासणी झिप आतच घेत नाही.

आलेलं नाव कसं बिघडलंय यावरून ते परत मिळेल की नाही हे कळतं. `4KS`, `4KW` असे तुकडे पुन्हा पुन्हा दिसले, किंवा `%E0%A4`, किंवा `à¤` दिसलं, तर अक्षरं बहुधा आत जिवंत आहेत, फक्त चुकीची वाचली गेली. नुसतं `????.pdf` आलं तर ती पुसली गेली, त्यातून काहीही परत निघत नाही. यातलं `4KS`वालं नाव असं वाचता येतं, `_`च्या जागी `?` परत घालून:

```
python3 -c "from email.header import *; print(make_header(decode_header('=?UTF-8?B?4KSF4KSw4KWN4KScLnBkZg==?=')))"
```

कोरा कागद: हे सगळं मान्य. पण रोमन नावाची अडचण कुणी बोलतच नाही. ‘vadi’ म्हणजे वाडी, वडी की वादी? ‘mala’ म्हणजे मला, माला की माळा? आमच्या संस्थेत एकजण `yadi` लिहितो, दुसरा `yaadi`, तिसरा `yadee`. दोन वर्षांनी शोधायला गेलं की तीन ठिकाणी तीन याद्या. शिवाय आमचे जुने सचिव रोमनमधलं मराठी अडखळत वाचतात. फोल्डर उघडला की नाव बघून फाइल ओळखता आली पाहिजे, ती सोय तुम्ही काढून घेताय.

टपालपेटी: हा मुद्दा खरा आहे आणि मी तो हलका करत नाही. म्हणूनच माझं मत असं, की घरचं नाव आणि प्रवासाचं नाव वेगळं ठेवावं. तुमच्या फोल्डरात मूळ फाइल मराठी नावानेच राहू द्या. पाठवताना प्रत काढून तिला छोटं रोमन नाव द्या. आणि शब्दांवर भिस्त न ठेवता जावक नोंदवहीतला क्रमांक वापरा:

```
jawak-0147-2025-08-12.pdf
```

जावक क्रमांकाला दोन स्पेलिंगं होत नाहीत. नोंदवहीत त्या क्रमांकासमोर पूर्ण मराठी विषय असतोच. तोच विषय मेलच्या मजकुरात आणि पीडीएफच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे समोरच्यालाही मराठी नाव मिळतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. तिरक्या रेघा घालून लिहू नका, त्या नावात चालत नाहीत. मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ. एवढं नाव पंचवीस अक्षरांचं आहे, त्याचे तुकडे करावेच लागत नाहीत.

कोरा कागद: म्हणजे शेवटी मराठी घरात आणि दारात रोमनच. मला हे पटणार नाही. गटाने यादी अशी पाठवावी, पण सोबत त्या कार्यालयाला लेखी कळवावं की तुमच्याकडे मराठी नाव तुटतंय. न कळवता नाव बदललं तर त्यांचा प्रोग्राम आणखी दहा वर्षं तसाच राहील.

टपालपेटी: कळवाच. त्या पत्रासोबत मूळ संदेशातल्या `filename`च्या ओळी जोडा. नुसतं ‘नाव तुटतं’ म्हटलं तर तिथल्या माणसाला काय बघायचं ते कळत नाही.

दूरदेशी: मी परदेशातल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघते, मॅकवर. माझ्याकडे नावं तुटत नाहीत, पण ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ असे शब्द असलेली फाइल शोधली तर सापडत नाही. डोळ्यांसमोर असते तरी! बाकी शब्द सापडतात. माझंच काही चुकतंय का?

टपालपेटी: नाही, तो आपल्या ‘ऱ’चा गुण आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ एक अक्षर म्हणून आहे आणि ‘र’ अधिक खालचा नुक्ता असाही लिहिता येतो. मॅकची जुनी डिस्करचना, एचएफएस प्लस, नावातला ‘ऱ’ फोडून र आणि नुक्ता करून ठेवायची. तशी फाइल दुसरीकडे गेली की दिसायला तीच, पण आतून वेगळी. त्यात काहीजण ‘दुसर्‍या’ र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असं टाइप करतात, ती तिसरी तऱ्हा. एखाद्या प्रोग्रामने तो जोडक गाळला तर ‘दुसर्या’ होतं, रफार चढतो. शोधताना ‘ऱ्या’ टाळून शब्दाचा आधीचा भाग टाका, ‘दुस’ एवढाच.

दूरदेशी: ‘दुस’ टाकलं, अकरा सापडल्या. त्यातल्या चार माझ्या भावाने विंडोजवरून पाठवलेल्या, त्या ‘दुसऱ्या’ टाकूनही येतात. बाकीच्या सात जुन्या डिस्कवरून आलेल्या. पण लेखकांना ‘ऱ्या’ वापरू नका कसं सांगणार? निम्मे शब्द जातील.

बांधावरची: मेल स्वतःला पाठवून बघितला. माझ्या मूळ संदेशात `filename*0*`, `filename*1*` असे पाच तुकडे आहेत, `=?UTF-8` कुठेही नाही. म्हणजे ‘शेतकऱ्’ त्यांच्याकडेच तुटलं. दुसरी वेळ कशी झाली ते आत्ता लक्षात आलं, ती मी फोनवरच्या वेगळ्या मेल ॲपमधून पाठवली होती. ते अजून तपासायचंय. कार्यालयातल्या बाईंनी नोटपॅडमध्ये बघितलं, `%PDF` निघालं, नाव बदलून यादी उघडली. आजची जावक 0148 आहे, तिसऱ्या हप्त्याचं पत्र त्या नावाने जातंय आणि सोबत कोरा कागद म्हणाले तसं कळवणारं पत्रही. गटाच्या फोल्डरात मात्र ते ‘तिसऱ्या हप्त्याचं पत्र’ म्हणूनच ठेवलंय.