शब्दचर्चा: फळीवर झोपवून काढलेला तो ‘गुरुत्वमध्य’ की ‘वस्तुमान केंद्र’?

शिक्षिका, चाळीसगाव: मुलांसाठी एक प्रयोग मराठीत लिहितेय. दोन वजनकाट्यांवर फळी टाकायची, तिच्यावर मुलाला उताणं झोपवायचं आणि काट्यांच्या आकड्यांवरून त्याचा मध्य काढायचा. ‘गुरुत्वमध्य’ लिहू की ‘वस्तुमान केंद्र’? आणि नुसत्या फळीचं वजन वजा करतात, त्याला सुटसुटीत शब्द आहे का?

केळी व्यापारी, रावेर: ताई, रिकाम्या क्रेटचा आम्ही आधी धडा करतो, मग माल भरतो. ‘धडा वजा केला’ लिहा, पोरांना घरी ऐकून माहीत असेल. पण दोन काटे कशाला? एकाच मोठ्या काट्यावर झोपवलं तरी वजन तेवढंच भरेल.

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, भुसावळ: नाना, वजन तेवढंच भरेल, पण ते अंगात कुठे एकवटलंय हे कळणार नाही. ते कळतं दोन काट्यांमधल्या वाटणीवरून. ‘धडा’ शब्द मात्र चपखल.

प्रत्येक काट्यावर लोखंडी अँगल उपडा ठेवा, म्हणजे फळी एका धारेवरच टेकेल. दोन धारांत २०० सेंमी अंतर ठेवा. फळी १२ किलोची असेल तर दोन्हीकडे ६-६ दिसतील, हा धडा. आता १६५ सेंमी उंचीचा, ६० किलोचा मुलगा झोपला, टाचा बरोबर पायाकडच्या धारेवर. डोक्याकडे ३३.६ आणि पायाकडे ३८.४ दिसलं. धडा वजा केला की २७.६ आणि ३२.४. २७.६ ला ६० ने भागून २०० ने गुणा: टाचेपासून ९२ सेंमी. बेंबीच्या साधारण चार बोटं खाली.

दोन्ही आकड्यांची बेरीज ६० यायलाच हवी. ४८ आली तर काट्यांनी फळी आपणहून शून्य धरली आणि तुम्ही धडा दुसऱ्यांदा वजा केला. तसं झालं तर मध्यही ९० वर येतो.

शब्दाचं म्हणाल तर माणसाएवढ्या उंचीत दोन्ही बिंदू एकच. काटे भार दाखवतात, म्हणून मी ‘गुरुत्वमध्य’ लिहीन.

कुस्ती प्रशिक्षक, अमळनेर: तालमीत आम्ही ‘तोल’ म्हणतो. तो बेंबीखाली असतो, ज्याचा त्याचा ठरलेला.

निवृत्त शिक्षक, भुसावळ: वस्ताद, उताणं सरळ झोपलेल्यापुरतं बरोबर. त्याच मुलाला हात डोक्यावर ताणायला सांगा. डोक्याकडचा काटा पावणेदोन-दोन किलोने चढेल, म्हणजे मध्य सहाएक सेंमी वर सरकला. कमरेत खोल वाकलेल्या मल्लाचा तर अंगाबाहेर पडतो. आणि तोल सांभाळतात, मोडतात. तो बिंदू नव्हे.

प्रशिक्षक: पण तोल मोडायचा तर आम्ही तिथेच जोर लावतो, त्याच बिंदूखाली घुसून. शब्द अगदीच चुकीचा नाही.

शिक्षिका: ‘गुरुत्वमध्य’ आणि ‘धडा’ ठेवते. अकरावीच्या पुस्तकात मात्र मुलांना ‘वस्तुमान केंद्र’ भेटेल, तेव्हा ते वेगळं वाटायला नको.

फिजिओथेरपिस्ट, धुळे: मग ‘निजलेल्या स्थितीतला’ हेही लिहा. आडवं झालं की पोटातले अवयव थोडे छातीकडे सरकतात, त्यामुळे उभ्या माणसाचा मध्य जरा खाली असतो. या दोहोंना वेगळी नावं हवीत का, यावर सरांचं मत वाचायला आवडेल.