मदत हवी आहे: कंपनीने मोठं कर्ज घेतलं, बीटा अनलेव्हर-रिलेव्हर करताना तीन जणांची तीन उत्तरं येतायत

सिडको_तन्मय
नमस्कार मंडळी, मी नाशिकमध्ये एका सीए फर्मला आर्टिकलशिप करतोय आणि सरांनी पहिल्यांदाच व्हॅल्युएशनचं काम अंगावर टाकलंय. कंपनी लिस्टेड आहे, नाव सांगत नाही, अंबड एमआयडीसीत ऑटोचे पार्ट बनवते आणि आता दिंडोरी साइडला दुसरा प्लांट टाकतेय, त्यासाठी सगळा पैसा बँकेच्या टर्म लोनमधून. आकडे गोल करून देतो. मार्केट कॅप १२०० कोटी, जुनं कर्ज ३०० कोटी, नवीन लोन ६०० कोटी म्हणजे एकूण ९००. बॅलन्सशीटवरची नेटवर्थ ५०० कोटी. मागच्या पाच वर्षांच्या मंथली रिटर्नवर निफ्टीशी रिग्रेशन केलं तर बीटा १.१५ येतो. टॅक्स २५ टक्के धरतोय.

सरांनी बॅलन्सशीटवरून रेशो घेतले, आधी ०.६ नंतर १.८, आणि त्यांचा बीटा आला १.८६. मी मार्केट कॅपवरून घेतले, आधी ०.२५ नंतर ०.७५, माझा आला १.५१. आणि शेजारी बसणारा मित्र म्हणतो काही करू नको, १.१५ च टाक. रिस्क-फ्री ७ आणि प्रीमियम ६ धरला तर इक्विटीची कॉस्ट अनुक्रमे १८.२, १६.१ आणि १३.९ येते, म्हणजे सव्वाचार टक्क्यांचा फरक, एवढ्यात अख्खं व्हॅल्युएशन इकडचं तिकडे होतं. बरोबर कोण? सोमवारी सरांना द्यायचंय.

शेअरमार्केट_पंचवटी
तुझ्या मित्राचं बरोबर आहे. स्क्रीनवर दिसतो तो बीटा लेव्हर्डच असतो, कर्जाची रिस्क त्यात आधीच धरलेली असते. परत रिलेव्हर केलं की तीच रिस्क दोनदा मोजली. उगाच फॉर्म्युले लावून आकडा फुगवायचा नाही.

द्राक्षबाग_ओझर
कंपनी कोणती ते व्यनि करता का, माझ्याकडे अंबडच्या दोन कंपन्यांचे शेअर आहेत, एवढं लोन घेतलं असेल तर विकून मोकळा होतो 😅

सिडको_तन्मय
@द्राक्षबाग_ओझर काका नाही सांगता येणार, आर्टिकलशिप जाईल माझी.

हिशोबनीस_कॉलेजरोड
तन्मय, तुमच्या तिघांच्याही उत्तरात थोडी थोडी गडबड आहे, पण तू सगळ्यात जवळ आहेस. एकेक घेतो.

पंचवटीकर, तुमचं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर, दुसरं नाही. १.१५ मध्ये कर्जाची रिस्क आहेच, पण कुठल्या कर्जाची? मागच्या पाच वर्षांत जे होतं त्याची. ६०० कोटीचं लोन परवा आलंय, त्याचा मागमूसही त्या साठ महिन्यांच्या रिटर्नमध्ये नाही. म्हणून आधी जुन्या कर्जाचा भाग काढून टाकायचा, उरतो तो नुसत्या धंद्याचा बीटा, आणि मग त्यावर नवीन कर्ज चढवायचं. जुनं काढून नवीन घातलं तर दोनदा कसं मोजलं जाईल? जुनं न काढताच वर नवीन चढवलं असतं तर तुमचा आक्षेप बरोबर होता.

सरांचा मुद्दा. बीटा बाजारभावाच्या हालचालीतून निघतो, मग रेशोही बाजारभावाचाच हवा. नेटवर्थ म्हणजे कंपनीत पूर्वी घातलेला आणि साठलेला पैसा, शेअरहोल्डरच्या खिशाला बसणारी झळ त्यावरून कळत नाही. ५०० कोटींची नेटवर्थ असलेल्या कंपनीला बाजार १२०० कोटी देतोय, तर कर्जाचं ओझं १२०० वर पसरणार. कर्ज मात्र पुस्तकातलं चालतं, बँकेचं फ्लोटिंग लोन असेल तर बाजारभाव साधारण तोच असतो.

आता तुझं. तू अनलेव्हर करताना ०.२५ घेतलास, तो आजचा रेशो आहे. पण बीटा पाच वर्षांचा आहे. त्या काळात मार्केट कॅप कितीवरून कितीवर गेली?

सिडको_तन्मय
सर आत्ता काढलं, पाच वर्षांपूर्वी ४०० कोटी होती, कर्ज तेव्हापासून ३०० च्याच आसपास आहे.

हिशोबनीस_कॉलेजरोड
मग बघ, सुरुवातीला रेशो ०.७५ होता आणि आज ०.२५. शेअर चढत गेला तसं कर्जाचं ओझं आपोआप हलकं झालं, कंपनीने एक रुपया न फेडता. बीटा या सगळ्या काळाची सरासरी दाखवतो, तर रेशोही त्याच काळाच्या सरासरीचा घे. प्रत्येक महिन्याची मार्केट कॅप आणि त्या वेळचं कर्ज घेऊन शीट कर.

सिडको_तन्मय
केलं, साठ महिन्यांची सरासरी ०.४० येतेय.

हिशोबनीस_कॉलेजरोड
झालं तर.

```
=1.15/(1+(1-25%)*0.40)      -> 0.885
=0.885*(1+(1-25%)*0.75)     -> 1.38
```

धंद्याचा बीटा ०.८८५, नवीन कर्जासकट १.३८. इक्विटीची कॉस्ट १५.३. तू आजचा ०.२५ वापरलास त्यामुळे जुन्या कर्जाचा भाग कमी काढला गेला, धंदा आहे त्यापेक्षा रिस्की दिसला आणि १.५१ आला. ज्या कंपनीचा शेअर तिप्पट झालाय तिथे ही गोष्ट हमखास नडते. शेअर एकाच पट्ट्यात फिरत असता तर तुझं उत्तर आणि हे जवळजवळ सारखंच आलं असतं.

०.७५ हा पुढचा रेशो मात्र तू बरोबर घेतलास, पण का बरोबर ते सरांना सांगता यायला हवं. लोनचा पैसा प्लांटमध्ये गेला, प्लांट त्याच्या खर्चाएवढाच किमतीचा धरला, म्हणून इक्विटी १२०० च राहिली. हेच ६०० कोटी बायबॅकला वापरले असते तर इक्विटी ६०० वर आली असती आणि रेशो १.५ झाला असता. कर्ज तेवढंच, बीटा वेगळा. आणि हे सगळं प्लांट त्याच धंद्याचा आहे असं धरून. उद्या ते तिथे बॅटरी बनवणार असतील तर ०.८८५ च बदलेल.

सिडको_तन्मय
सर हे पटलं. पण शीट बरोबर आहे की नाही हे कळायला काही युक्ती आहे का, कारण सर विचारणार "चेक केलंस का" आणि माझ्याकडे उत्तर नसणार.

हिशोबनीस_कॉलेजरोड
आहे. शीटमध्ये टॅक्सचा सेल शून्य कर आणि लोनचा रेट रिस्क-फ्रीएवढाच ७ टाक. टॅक्सचा फायदा गेला की कर्ज वाढवून कंपनीची एकूण कॉस्ट बदलायला नको, कारण धंदा तोच आहे, फक्त वाटेकरी बदलले. अनलेव्हरचा ०.४० तसाच ठेव आणि चढवताना आधीचा रेशो ०.२५ टाक, WACC ११.९३ येईल. नंतरचा ०.७५ टाक, तरी ११.९३. दशांशासकट तेच यायला हवं. आता मित्राचा १.१५ दोन्हीकडे टाकून बघ, १२.५२ वरून १०.९४ वर घसरेल. म्हणजे नुसतं कर्ज काढून दीड टक्का फुकटात कमावला. असं झालं की बीटा हललेला नाही हे समज.

व्हॅल्युएशन_वाली
मध्ये बोलते. सर तुमचं गणित ठीक आहे पण तुम्ही कर्जाचा बीटा शून्य धरलाय. ३०० कोटीला ते चालून गेलं असतं, ९०० कोटीला नाही. तन्मय, बँक किती टक्क्यांनी देतेय?

सिडको_तन्मय
साडेनऊ, मॅडम.

व्हॅल्युएशन_वाली
मग रिस्क-फ्रीच्या वर अडीच टक्के बँक कशाचे घेतेय? धंद्याची थोडी रिस्क आता बँकेनेही उचललीय, ती सगळी शेअरहोल्डरच्या माथी मारायची नाही. अडीचला सहाने भागलं तर कर्जाचा बीटा ०.४२ येतो पण तो जास्त आहे, कारण त्या अडीचमध्ये बुडीत जाण्याची सरासरी शक्यता आणि बँकेचा खर्च पण आहे. मी अशा ठिकाणी ०.२ च्या आसपास धरते. मग १.३८ मधून ०.२ × ०.७५ × ०.७५ वजा, १.२७ येतो. WACC मध्ये साडेनऊ टाकणार आणि बीटात कर्ज बिनधोक धरणार, हे दोन्ही एकाच वेळी चालत नाही.

हिशोबनीस_कॉलेजरोड
तत्त्व मान्य. ०.२ कुठून आणला याला मात्र तुमच्याकडेही अनुभवाशिवाय आधार नाही, आणि तन्मयला सरांसमोर तो आकडा डिफेंड करायचाय. मी रिपोर्टमध्ये १.३८ देईन आणि १.२७ सेन्सिटिव्हिटीत दाखवीन.

व्हॅल्युएशन_वाली
मी उलटं करीन 🙂 शिवाय तुमच्या फॉर्म्युल्यात, म्हणजे १९७२ च्या हमादाच्या, कर्जाची रक्कम कायम तेवढीच राहणार असं गृहीत आहे. इथे टर्म लोन आहे. तन्मय, किती वर्षांत फेडायचंय?

सिडको_तन्मय
सात वर्षं, पहिली दोन मोरॅटोरियम.

व्हॅल्युएशन_वाली
म्हणजे तिसऱ्या वर्षापासून रेशो दरवर्षी उतरणार. एकच १.३८ सगळ्या वर्षांना आणि वर टर्मिनल व्हॅल्यूलाही लावला तर प्लांट कायमचा कर्जात आहे असं धरल्यासारखं होतं. टर्मिनलला कंपनी शेवटी ज्या रेशोवर स्थिरावेल तो घे.

आणि काहीजण टॅक्स न धरता, नुसतं एक अधिक रेशो, असा फॉर्म्युला वापरतात. कंपनी रेशो कायम ठेवते असं धरलं की तो योग्य असतो, चूक नाही. त्याने १.४४ येईल. पण जाताना एक आणि येताना दुसरा वापरू नकोस, टॅक्सवाल्याने काढून बिनटॅक्सवाल्याने चढवलास तर १.५५ येतो आणि तो कुठल्याच हिशोबात बसत नाही. दोन वेगवेगळ्या साइटवरून आकडे उचलले की असं होतं, मी रिपोर्ट तपासताना बऱ्याचदा बघते.

द्राक्षबाग_ओझर
हे वाचून डोकं गरगरलं पण एक विचारतो. आमचं कोल्ड स्टोरेज आहे, प्रायव्हेट लिमिटेड, भाऊ आणि मी. नवीन चेंबरसाठी कर्ज काढलंय. आमचा बीटा कसा काढायचा, शेअर तर बाजारात नाहीच.

हिशोबनीस_कॉलेजरोड
काका, मग दुसऱ्यांचा उसना घ्यायचा. तुमच्यासारख्या चार-पाच लिस्टेड कंपन्या बघा, प्रत्येकीचा तिच्या स्वतःच्या रेशोने अनलेव्हर करा, मधला आकडा घ्या आणि तुमच्या रेशोने चढवा. अडचण अशी की तुमची मार्केट कॅप नाही, आणि ती काढायला हाच बीटा लागतो. अंदाजाने एक किंमत धरून सुरू करा, आलेली किंमत परत आत टाका, दोन-चार फेऱ्यांत आकडा बसतो. पण तुमचं कर्ज बँकेने तुमच्या जमिनीवर आणि घरावर दिलंय का धंद्यावर, हे आधी बघा.

द्राक्षबाग_ओझर
जमिनीवर. धंद्यावर कोण देतो.

शेअरमार्केट_पंचवटी
मी म्हणतो एका कंपनीच्या साठ महिन्यांवर एवढा भरवसा कशाला? तन्मय तुझ्या रिग्रेशनची स्टँडर्ड एरर किती आहे?

सिडको_तन्मय
०.२४.

शेअरमार्केट_पंचवटी
बघा. १.१५ हाच मुळात ०.७ ते १.६ मध्ये कुठेही असू शकतो आणि तुम्ही १.२७ का १.३८ यावर भांडताय.

व्हॅल्युएशन_वाली
हा मुद्दा मात्र मान्य. तन्मय, काकांना सांगितलं तेच तूही कर, इतर ऑटो पार्टवाल्या सहा-आठ कंपन्यांचा अनलेव्हर्ड बीटा काढ आणि ०.८८५ त्यांच्या मध्ये कुठे बसतो बघ. फक्त प्रत्येकीची कॅश कर्जातून वजा कर, काहींकडे कर्जापेक्षा कॅश जास्त असते आणि मग रेशो मायनस येतो, घाबरू नकोस, तसाच टाक.

सिडको_तन्मय
ओके, सात कंपन्या काढतोय. एक शंका राहिली, प्लांट सुरू होईपर्यंतचं व्याज कंपनी कॅपिटलाइज करणार म्हणाली, म्हणजे त्या व्याजाचा टॅक्सचा फायदा लगेच मिळणारच नाही. मग पहिल्या दीड वर्षासाठी फॉर्म्युल्यातला २५ टक्के तसाच ठेवायचा का?

हिशोबनीस_कॉलेजरोड
चांगला प्रश्न आहे. फायदा बुडत नाही, डेप्रिसिएशनमधून उशिरा येतो, म्हणून शून्य धरणंही चूक. मी असा टॅक्स शील्डचा भाग वेगळा काढून APV ने करतो, बीटात कोंबत नाही. मॅडम काय करतात ते विचार.