मिसळीची लाल तर्री: तिखट, तवंग आणि भाजलेलं खोबरं – आपापला अनुभव लिहा

रत्नागिरी, धागा काढणारी
आपल्याकडे वाटण म्हटलं की हात आधी ओल्या नारळाकडे जातो. उसळीला ते गोड लागतं, पण मिसळीवर हवा असतो लाल, चकचकीत तवंग. ओल्या खोबऱ्याने रस्सा गुलाबीसर होतो आणि तेल वर येतच नाही. मी आता सुकं खोबरं वापरते, तरी तिखट आणि रंग एकदम जमणं कठीणच जातं. तुम्ही कशी करता? प्रमाणासकट लिहा.

चिपळूण, मिसळीची गाडी चालवणारा
ताई, ओल्या खोबऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. वाटलं की त्याचं दूध निघतं, आणि ते तेलाला रश्श्यात धरून ठेवतं. तवंग येणार कुठून?

पाव किलो मटकीला माझं प्रमाण असं: किसलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, मोठे कांदे दोन, लसूण आठ-दहा पाकळ्या, बोटभर आलं, तेल पाऊण वाटी. खोबरं वेगळं भाजायचं, मंद आचेवर, हात न थांबवता. बदामी झालं की लगेच ताटात काढा, कारण तापलेल्या कढईत ते पुढे भाजतच राहतं. काळसर झालं तर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही; ते टाकून नवीन घ्यावं. कांदा मात्र चांगला तांबूस हवा. कच्चट राहिला तर रस्सा गोडूस लागतो.

वाटण अगदी गंध करायचं. खोबऱ्याची रवाळ कणी राहिली की ती तळाशी बसते आणि वर नुसतं पाणी दिसतं. मग निम्म्या तेलात वाटण परता, कडेने तेल सुटेपर्यंत. मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं सहज लागतात. इथे घाई केली की पुढे काही करून तवंग येत नाही. त्यात मसाला, मीठ आणि सहा वाट्या उकळतं पाणी. गार पाणी ओतू नका, तेल आखडतं. एक उकळी आली की आच बारीक. खदखदा उकळत ठेवलं तर सुटलेलं तेल परत रश्श्यात मिसळतं.

उरलेलं तेल दुसऱ्या कढल्यात तापवून गॅस बंद करायचा. जिऱ्याचा दाणा टाकून बघा: तो नुसता फुलला पाहिजे, काळा पडता कामा नये. मग दोन चमचे बेडगीचं तिखट आणि अर्धा चमचा लवंगी. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून तिखट आधी तेलात. हे तेल रश्श्यावर ओतून दहा मिनिटं ढवळायचं नाही.

मालवण
आमच्याकडे काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला भाजलेलं ओलं खोबरं आणि मालवणी मसाला लागतो, तवंग वगैरे कोणी बघत नाही. आंबोळीबरोबर खावा, पाव विसराल. मिसळीलाही मी तोच मसाला घालते.

चिपळूण
सांबारं वेगळं, वहिनी! मालवणी मसाल्यात धणे, बडीशेप, खडा मसाला भरपूर. मिसळीला तो घातला की कोंबडीच्या रश्श्याचा वास येतो. पाव चमचा चालेल.

देवगड
ओलं खोबरं चालत नाही हे मला पटत नाही. तव्यावर तपकिरी होईपर्यंत भाजलं की पाणी उडतं आणि तेलही सुटतं. माझ्या तर्रीवर तवंग येतो. तेल जास्त घाला, काम झालं.

रत्नागिरी, धागा काढणारी
काल तसं करून पाहिलं. तवंग आला, पण पातळ, आणि रंग विटकरी. खोबरं बाहेरून तपकिरी झालं तरी आत ओलसर राहतं. पावसाळ्यात असा रस्सा रात्रीपर्यंत आंबूस लागतो, हेही आहेच. जास्त तेलाने तवंग जाड होतो, पण तिखट तेवढंच असेल तर रंग फिका पडतो. चिपळूणकरांच्या पद्धतीने आज केली: लाल, आणि घशाला न लागणारी.

अलिबाग
घरात सासूबाईंना तिखट सोसत नाही. म्हणून वरचं तिखटाचं तेल मी वेगळ्या वाटीत ठेवते. आधी उसळ, मग बिनतिखट रस्सा, फरसाण, कांदा, लिंबू, आणि ज्याला हवं त्याने चमच्याने तेल घ्यावं. तेल उरलं तर काचेच्या बाटलीत दुसऱ्या दिवशीही चालतं, फक्त त्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. एक विचारायचं होतं: रश्श्यात दोन आमसुलं घातली तर चालतील का? लिंबापेक्षा मला तो आंबटपणा आवडतो.

चिपळूण
मी घालत नाही. आमसुलाने लाल रंगाला जांभळट झाक येते.

मालवण
आम्ही घालतो, झाक येवो नाहीतर न येवो. शेवटी घालून पाच मिनिटांत काढून घ्या.