मदत हवी आहे: ईसीजी नॉर्मल, मग रात्री छाती एवढी का धडधडते?

सातपुडा_पायथा:
वय ३४, रावेर तालुका, केळीचा व्यवसाय. गेल्या मंगळवारी रात्री पावणेतीनला दचकून जाग आली. छातीत आतून कोणी ठोसे मारतंय असं वाटत होतं. मनगटाची नाडी धरून १५ सेकंदांत ३१ ठोके मोजले, म्हणजे मिनिटाला १२४. मे महिन्यातला आपला उकाडा, पंखाही गरम हवा फेकत होता, तरी तळहात ओले आणि गार. आई उठली आणि म्हणाली, "कसाले घाबरस रे पोऱ्या?" पण मी कशालाच घाबरलो नव्हतो, नुसता पडून होतो. व्यापाऱ्याकडे दोन गाड्यांचं पेमेंट अडकलंय, ती काळजी आहेच. दुसऱ्या दिवशी दुपारी ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. पण हृदय ठीक आहे तर ते असं का वागतं, हे कोणी नीट सांगेल का?

कपाशीवाला:
भाऊ, हे ॲड्रेनलिन. भीती वाटली की ते रक्तात सुटतं. माझा मेहुणा यावर प्रोप्रॅनोलॉल घेतो, अर्ध्या तासात धडधड कमी होते. मेडिकलवर मिळेल.

तापीकाठ:
मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. ॲड्रेनलिनचं बरोबर आहे, पण ते नंतर येतं. हृदयाला मोकळं सोडलं तर ते स्वतःच्या लयीत मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. आपल्याला ७० दिसतात, कारण व्हेगस नावाची नस त्याचा कासरा सतत ओढून धरते. मेंदूला धोका वाटला की आधी हा कासरा ढिला होतो, त्याला एकदोन ठोक्यांचाच वेळ लागतो. मग दुसऱ्या नसा हृदयाला पळवायला लागतात, आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. त्याने ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका जोरातही पडतो. तुम्हाला ठोसे वाटले ते म्हणून.

हात गार पडणं हे त्याच तयारीचा भाग आहे. कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त मांड्या-पोटऱ्यांकडे वळतं, पळायला किंवा झुंजायला. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये हे लिहिलं, तेव्हापासून त्याला 'लढा किंवा पळा' म्हणतात. शेतात बिबट्या दिसला असता तर तुम्ही पळाला असता आणि ही धडधड लक्षातही आली नसती. तुम्ही अंथरुणात होतात. सगळी तयारी झाली, पळणं झालंच नाही, त्यामुळे लक्ष ठोक्यांवरच राहिलं. "हार्ट अटॅक तर नाही?" असा विचार आला की मेंदूला तोच नवा धोका वाटतो, आणि दुसरी लाट येते.

सातपुडा_पायथा:
अगदी असंच झालं! आधी जरा उतरली होती, मग वडिलांचा अटॅक आठवला आणि परत चढली. गोळी घेऊन बघू का? मला लहानपणापासून दमा आहे.

तापीकाठ:
अजिबात नको! ही गोळी दम्यात श्वासनलिका आवळू शकते. मेहुण्याला चालते ती त्याच्या डॉक्टरांनी बघून दिली असेल. तुम्ही श्वास हळू सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. श्वास सोडताना व्हेगसचा कासरा पुन्हा आवळला जातो. रक्तातलं ॲड्रेनलिन काही मिनिटांत ओसरतं, फक्त मधे नवीन भीतीची भर पडायला नको.

भुसावळ_जंक्शन:
माझ्या आईलाही सगळे दोन वर्षं टेन्शनच म्हणत होते. तिचे ठोके बटण दाबल्यासारखे एकदम १८० व्हायचे आणि तसेच एकदम थांबायचे. शेवटी झटका चालू असतानाच ईसीजी निघाला, तेव्हा कळलं की हृदयातल्या विजेच्या वाटेतच दोष होता. दुपारच्या ईसीजीवर विसंबू नका.

तापीकाठ:
हे महत्त्वाचं आहे. भीतीची धडधड चढते तशी हळूहळू उतरते. तुमची कशी उतरली?

सातपुडा_पायथा:
कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र घरात होतं. १२४, मग ११२, वीसेक मिनिटांत ९६. पण सुरुवात कशी झाली ते सांगता येत नाही, झोपेत होतो.

तापीकाठ:
उतरणं भीतीच्या बाजूने आहे, पण सुरुवात कोणी पाहिली नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुन्हा झालं तर होल्टरबद्दल, म्हणजे अंगावर लावून २४ तास ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्राबद्दल, डॉक्टरांना विचारा. आणि धडधडीसोबत चक्कर येऊन पडलात किंवा छातीत दाबल्यासारखं दुखलं, तर वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.

कपाशीवाला:
गोळीचं मी उगाच सांगितलं, दमा माहीत नव्हता. पेमेंटचं काय झालं भाऊ?

सातपुडा_पायथा:
एका गाडीचं आलं. सोमवारी रक्त द्यायला जातोय, रिपोर्ट इथेच टाकतो.